सेल, चुंबक आणि एक मीटर तार: मनूची मोटर कशी फिरली

मनू माझी मुलगी, आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने सेल, चुंबक आणि तांब्याच्या तारेची मोटर करायचं ठरवलं. "आई, अर्ध्या तासाचं काम आहे," असं म्हणून ती शनिवारी दुपारी बसली आणि मोटर फिरली रविवारी रात्री साडेनऊला. मधल्या वेळात चार कॉइल वाया गेल्या, दोन सेल संपले आणि एकदा रडूही आलं. या सगळ्यात मी तिच्या शेजारी बसले होते. शेवटी गाठ सोडवली ती तिच्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. ते कुर्ल्याच्या कारशेडमध्ये फिटर होते आणि लोकलच्या मोटरी उघडण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

ही मोटर करायला सोपी आहे, पण एका पायरीवर जवळजवळ प्रत्येकजण अडकतो आणि आपलं कुठे चुकलं ते कळत नाही. ती पायरी चौथी आहे. तिथे मी जास्त वेळ घेणार आहे. बाकीचं भराभर सांगते.

लागणारं सामान

- टॉर्चचा मोठा सेल, १.५ व्होल्टचा. एक वापरायला आणि दोन जास्तीचे.
- इनॅमल चढवलेली तांब्याची तार, २४ नंबरची. एका कॉइलला साधारण एक मीटर लागते, पण पाच-सहा मीटर हाताशी ठेवा.
- मोठ्या सेफ्टी पिना दोन, साधारण ५ सेंटीमीटरच्या. रंगीत नकोत, रंगातून वीज जात नाही.
- चपटा गोल चुंबक, अडीच सेंटीमीटरच्या आसपास रुंद.
- सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला रुंद रबर. पिना सेलला घट्ट धरायला हा साध्या रबरबँडपेक्षा चांगला.
- बारीक पॉलिश पेपर, काळा मार्कर पेन, चिकटपट्टी.
- मल्टिमीटर असला तर फार उपयोग होतो. नसला तरी काम अडत नाही.

पॉवर बँक, मोबाइलची बॅटरी किंवा चार्जर यातलं काहीही इथे जोडू नका. एक मीटर जाड तारेला अवरोध जवळजवळ नसतो, म्हणून सेलच्या दृष्टीने ही मोटर म्हणजे शॉर्टच असते. टॉर्चचा सेल त्यात नुसता तापतो. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. भिंतीतल्या प्लगचा तर विचारही मनात आणू नका.

१. तार आणि चुंबक मिळवा

आम्ही ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. "वाइंडिंग वायर" म्हटलं की दुकानदाराला कळतं. ही तार मीटरवर नाही, वजनावर मिळते. २४ नंबरची तार मीटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे १०० ग्रॅम घेतली तर पंचेचाळीस मीटर हातात येते. एवढी आपल्याला कधीच लागत नाही. त्यापेक्षा तुमच्या गल्लीतल्या पंखे आणि मोटरी भरून देणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात विचारा. रिळाच्या टोकाचा उरलेला तुकडा बहुतेकदा सहज मिळतो.

मात्र जळलेल्या पंख्यातून काढलेली तार घेऊ नका. मनूने सुरुवात त्याच तारेने केली होती. ती केसासारखी बारीक होती. तिची कॉइल वळली खरी, पण तिची टोकं वाकून लोंबायला लागली आणि कॉइल पिनांवर सरळ राहीना. २४ नंबरची तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड असते. तिची टोकं आसासारखी ताठ उभी राहतात आणि हाताने वाकवताही येतात.

चुंबक घेताना एक गोष्ट बघा. जुन्या स्पीकरमधला, मधोमध भोक असलेला चुंबक अनेकांच्या घरी असतो. तो चालतो, पण भोकाच्या बरोबर वर त्याचा जोर फार कमी असतो. तसा चुंबक असेल तर कॉइल भोकावर न आणता कडेच्या भरीव भागावर येईल असा सरकवून ठेवा. भोक नसलेली चकती मिळाली तर हा प्रश्नच येत नाही. छोटे चकचकीत, फार जोरदार चुंबक बाजारात मिळतात, पण घरात लहान मूल असेल तर ते आणू नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

२. कॉइल वळा

जाड मार्करवर, साधारण २ सेंटीमीटर जाडीच्या, तार १५ वेळा गुंडाळा. सुरुवातीला आणि शेवटी चार-चार सेंटीमीटर टोक मोकळं सोडा. कॉइल मार्करवरून अलगद काढा आणि प्रत्येक टोक त्याच्या बाजूच्या वेढ्यांभोवती दोनदा घट्ट फिरवून घ्या, म्हणजे वेढे सुटणार नाहीत. आता दोन्ही टोकं समोरासमोर, एकाच रेषेत, बाहेर काढा.

ही रेष कॉइलच्या बरोबर मध्यातून जायला हवी. टोकं वर किंवा खाली सरकली तर कॉइलची एक बाजू जड होते. तपासायचं कसं, तर पुढच्या पायरीतल्या पिनांवर कॉइल ठेवा, पण चुंबक लावू नका. बोटाने हलकेच फिरवा आणि कुठे थांबते ते बघा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबली तर ती बाजू जड आहे. टोकं किंचित वाकवा आणि पुन्हा फिरवून बघा. कॉइल दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबायला लागली की झालं. मनूला हे जमायला दहा मिनिटं लागली, पण पुढे ही दहा मिनिटं कामाला आली.

३. सेल, पिना आणि चुंबक उभे करा

सेल आडवा ठेवा आणि घरंगळू नये म्हणून खाली दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा. सेलच्या दोन्ही टोकांना एकेक पिन उभी धरा. पिनेचं वळलेलं बारीक भोक वर आणि टोपी खाली. दोन्ही पिना रबराने घट्ट आवळा. पिनेचा धातू सेलच्या टोकाला नीट टेकला आहे ना ते बघा. विशेषतः सपाट बाजूला पिन सरकून कडेला जाते आणि कळत नाही.

चुंबक सेलच्या पाठीवर, मधोमध, चिकटपट्टीने बसवा. कॉइलची दोन टोकं दोन पिनांच्या भोकांत घाला. कॉइल फिरताना चुंबकाला घासता कामा नये, पण दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त वरही नको. अंतर वाढलं की चुंबकाचा जोर झपाट्याने उतरतो. अंतर जास्त वाटलं तर चुंबकाखाली पुठ्ठ्याचे तुकडे घाला.

आणि वरचा पंखा बंद करा. मे महिना असला तरी बंद करा. मनूची पहिली कॉइल मस्त फिरली होती. तिने ओरडून सगळ्यांना बोलावलं, आबांनी पंखा बंद केला आणि कॉइल थांबली. ती वाऱ्यावर फिरत होती.

४. टोकं घासा

आता मुख्य काम.

तारेवरचं इनॅमल पारदर्शक, तांब्याच्याच रंगाचं असतं. तार उघडी दिसते, पण ती उघडी नसते. त्या थरातून वीज जात नाही. म्हणून कॉइलमध्ये वेढे एकमेकांना चिकटले तरी वीज एका वेढ्यातून दुसऱ्यात उडी मारत नाही, आणि म्हणूनच टोकांवरचा थर काढल्याशिवाय कॉइलमध्ये वीज शिरत नाही. मनूने पहिल्यांदा काहीच घासलं नव्हतं. कॉइल पिनांवर मढ्यासारखी पडून राहिली. "सेल खराब आहे," असं ठरवून तिने नवा सेल लावला आणि तोही तसाच.

मग तिने दोन्ही टोकं चारी बाजूंनी लख्ख घासली. बहुतेकजण असंच करतात. कॉइल एकदम झटका देऊन अर्धी वळली, आडवी झाली, थोडी डुलली आणि चुंबकावर आडवीच थबकून बसली. बोटाने ढकललं तरी परत तिथेच. अर्ध्या मिनिटात पिना तापल्या आणि सेल कोमट लागायला लागला.

का, ते इथे समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. कॉइलमधून वीज गेली की कॉइल स्वतः एक चपटा चुंबक होते. तिच्या एका तोंडाला उत्तर ध्रुव, दुसऱ्याला दक्षिण. खालच्या चुंबकाला यातलं एक तोंड हवं असतं आणि दुसरं नको. तो हवं ते तोंड ओढून खाली आणतो. कॉइल आडवी होते, हवं ते तोंड खाली येतं, आणि दोघेही समाधानी. फिरायचं कारणच संपलं. वीज चालू असेपर्यंत कॉइल तिथून हलणार नाही.

फिरत ठेवायचं असेल तर एकच उपाय. हवं ते तोंड खाली पोचायच्या क्षणी वीज तोडायची. कॉइल आलेल्या वेगाने पुढे निघून जाते. अर्धी फेरी ती नुसत्या वेगावर फिरते, नको ते तोंड खाली येतं, आणि त्या क्षणी वीज पुन्हा जोडायची. चुंबक परत ढकलतो. म्हणजे अर्धी फेरी वीज, अर्धी फेरी नाही. म्हणून एक टोक चारी बाजूंनी घासायचं आणि दुसरं टोक फक्त अर्ध्या बाजूने. अर्ध्या बाजूचं इनॅमल तसंच राहतं आणि तेच आपलं स्विच.

इथवर मनूला शनिवारी रात्री पुस्तकावरून कळलं होतं. रविवारी सकाळी तिने नवी कॉइल केली, एक टोक पूर्ण घासलं, दुसरं टोक टेबलावर आडवं ठेवून फक्त वरच्या बाजूने घासलं. पॉलिश पेपर हातात धरून, कॉइल टेबलावर सपाट पडलेली. सगळं नियमाप्रमाणे. आणि कॉइल पुन्हा आडवी होऊन थरथरत बसली. दुसरी केली, तीही तशीच. तेव्हा तिला रडू आलं.

दुपारच्या झोपेतून उठून आबा बाहेर आले. कॉइल हातात घेऊन त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मनू, घासताना कॉइल कशी धरली होतीस?"

"आडवी. टेबलावर ठेवून."

"मग वीज कधी चालू होते?"

मनूने कॉइल पिनांवर ठेवून हळूहळू फिरवून बघितली. तार पिनेच्या भोकात खालच्या कडेवर टेकते, म्हणजे तारेची जी बाजू खाली असेल तिच्यातूनच वीज जाते. घासलेली बाजू बरोबर खाली येत होती तेव्हा कॉइल आडवी होती. आणि आडवी कॉइल म्हणजे नेमकी ती जागा, जिथे वीज नको.

मोटरीच्या कामाच्या अर्ध्या फेरीत कॉइल आडवी असताना वीज सुरू व्हायला हवी, कॉइल उभी असताना ऐन मध्य आणि पुन्हा आडवी झाली की बंद. कॉइल उभी असतानाच चुंबकाचा पीळ सगळ्यात जास्त असतो. तेव्हा घासलेल्या बाजूचा मध्य पिनेवर यायला हवा, तोही कॉइल उभी असताना. म्हणून घासताना कॉइल उभी धरा, आणि तारेची वरची अर्धी बाजू घासा. आडवी धरून घासली तर ढकलणं आणि ओढणं दोन्ही अर्ध्या-अर्ध्या फेरीत एकमेकांना रद्द करतात. कॉइल डुलते, पण फिरत नाही.

"आमच्याकडं पण हेच," आबा म्हणाले. "ब्रश जागेवरून सरकला की मोटर जोर सोडते आणि ठिणग्या मारते. वीज द्यायची ती वेळेवर."

त्यांच्या काळी मुंबईच्या लोकल १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे सेलसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, धावायच्या. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी सुटली तीही डीसीवरच, आणि हार्बर लाइनवरचा डीसी थेट २०१६ मध्ये बंद झाला. त्या जुन्या मोटरींत तांब्याच्या पट्ट्यांचं कडं फिरायचं आणि त्यावर कार्बनचे ब्रश दाबून बसायचे. ते कडं दर फेरीत विजेची दिशाच उलटी करायचं, त्यामुळे पूर्ण फेरीभर जोर मिळायचा. आपल्या मोटरीत दिशा उलटत नाही, वीज फक्त तुटते, म्हणून जोर अर्ध्याच फेरीत मिळतो. पण घासलेली तार आणि पिन मिळून काम तेच करतात. पिन हा ब्रश आणि अर्धं इनॅमल हे कडं. आबांना ते लगेच दिसलं, कारण त्यांनी ते कडं वर्षानुवर्षं घासून साफ केलं होतं.

आता प्रत्यक्ष घासायची पद्धत. कॉइल अंगठा आणि तर्जनीत उभी धरा, म्हणजे गोल तुमच्याकडे बांगडीसारखा दिसेल आणि टोकं डाव्या-उजव्या बाजूंना जातील. एक टोक पाटाच्या किंवा लाकडी फळीच्या कडेवर टेकवा, पण कॉइल मात्र कडेबाहेर उभीच राहू द्या. त्या टोकाच्या वरच्या बाजूवर मार्करने काळी रेघ ओढा. पॉलिश पेपर फक्त वरून, कॉइलकडून बाहेरच्या दिशेने ओढा. रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंचं इनॅमल गेलं, तारेची वरची अर्धी गोलाई चमकायला लागली की थांबा. खालची गोलाई मंद तपकिरी राहायला हवी. ती गेली तर कॉइल फेकून नवी करा किंवा खालच्या बाजूला नखरंगाचा पातळ थर द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. आबांनी हाच उपाय सुचवला आणि मनूची चौथी कॉइल त्याने वाचली असती, पण तिने घाईत ओला नखरंगच पिनेवर ठेवला, तो पिनेला लागला आणि पिनही बदलावी लागली.

दुसरं टोक चारी बाजूंनी घासा. हे सोपं आहे. पॉलिश पेपर दुमडून त्यात तार धरायची आणि गोल फिरवायची.

ब्लेडने खरवडायचा मोह होतो. नका करू. तारेत चीर पडते आणि तिथे ती वाकताना तुटते, आणि बोटाचं तर विचारूच नका. काडेपेटीने जाळूनही इनॅमल जातं, पण धूर वाईट असतो आणि तांब्यावर काळा थर येतो, जो शेवटी घासावाच लागतो.

मल्टिमीटर असेल तर आता खात्री करून घ्या. सेल आणि एका पिनेच्या मध्ये कागद सरकवा, म्हणजे सेल जोडलेला राहणार नाही, कॉइल पिनांवरच राहू द्या आणि मीटरची टोकं दोन पिनांना लावा, आवाज देणाऱ्या सेटिंगवर. कॉइल बोटाने अगदी सावकाश फिरवा. कॉइल एका बाजूने उभी आली की मीटर वाजायला हवा, उलटी उभी आली की गप्प. आडवी असताना आवाज सुरू होतो किंवा बंद होतो, असंच हवं. आडवी असताना आवाज मध्यावर असेल तर तुम्ही कॉइल आडवी धरून घासली आहे.

५. पहिला धक्का द्या

मध्ये कागद सरकवला असेल तर काढा, कॉइल ठेवा आणि बोटाने हलकेच धक्का द्या. मोटर आपणहून सुरू होईलच असं नाही. इनॅमलची बाजू खाली असेल तर वीज चालूच नसते, म्हणून एक धक्का लागतोच. एका दिशेने फिरली नाही तर दुसऱ्या दिशेने धक्का द्या. प्रत्येक जोडणीची एक ठरलेली दिशा असते आणि विरुद्ध दिशेने ढकललं तर ती अडते.

रविवारी रात्री साडेनऊला, पंखा बंद, दारं लोटलेली, मनूने पाचव्या कॉइलला टिचकी मारली. कॉइल दोनदा अडखळली आणि मग तिचा गोल दिसेनासा झाला. नुसता एक धुरकट तांबूस गोळा हवेत राहिला आणि पिनेपाशी बारीक टकटक ऐकू यायला लागली. मनू काही बोललीच नाही, तोंडावर हात ठेवून बघत राहिली. आबा खुर्ची सरकवून जवळ आले आणि पिनेकडे बोट दाखवत म्हणाले, "ठिणगी बघ." दिवा घालवला तेव्हा दिसली, निळसर, टाचणीच्या टोकाएवढी.

दुसऱ्या दिवशी तिने कॉइलच्या एका कडेला नखरंगाचा ठिपका दिला आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या सेटिंगवर चित्रण केलं. ठिपका पुन्हा त्याच जागी यायला २० चित्रं लागली. २४० भागिले २०, म्हणजे सेकंदाला १२ फेऱ्या, मिनिटाला ७२०. तिने हे वहीत लिहून ठेवलं. प्रदर्शनात "किती वेगाने फिरते?" हा प्रश्न येणारच होता.

एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नका. सेल फार झपाट्याने उतरतो. आणि कॉइल अडकून बसली तर लगेच उचला. फिरताना निदान अर्धा वेळ वीज बंद असते, अडकलेली असताना ती सलग चालू राहू शकते आणि पिना हाताला चटका देण्याइतक्या तापतात.

६. थांबली तर कुठे बघायचं

पहिल्यांदा फिरलेली मोटर तासाभराने हमखास थांबते. मनूचीही थांबली आणि ती लगेच नवा सेल शोधायला गेली. आबांनी हात धरून थांबवलं. "आधी पिन आणि तार बघ. काळी झाली असेल."

ती काळी झालीच होती. दर फेरीत वीज तुटताना ठिणगी पडते, ठिणगीने तारेवर आणि पिनेच्या भोकात काळा थर बसतो, आणि दीड व्होल्टला तो थर पार करणं अवघड जातं. पॉलिश पेपरचा एक हलका हात तारेवर, एक पिनेच्या भोकात, आणि मोटर पुन्हा चालू. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत रात्रभरात तांबं मळतं, म्हणून सकाळी एकदा घासायचंच. घासताना फक्त उघडी बाजू घासा. सगळीकडून घासलंत तर इनॅमल जाईल आणि पुन्हा शनिवारची दुपार.

पिना स्वच्छ असूनही कॉइल निपचित पडली तर पिना सेलपासून सरकल्या आहेत का ते रबर दाबून बघा. झटका देते पण अर्ध्यात अडते, तर खालच्या बाजूचं इनॅमल झिजलं आहे. थोडी फिरते आणि एकाच ठिकाणी मंदावते, तर कॉइल एका बाजूला जड आहे, दुसऱ्या पायरीवर जा. सगळं ठीक असूनही जीव नाही, तेव्हा सेल बदला. तो सगळ्यात शेवटी.

७. शाळेत नेताना

मोटर जोडलेली नेऊ नका. मनूने जोडलेली मोटर खोक्यात घालून शेअर रिक्षात मांडीवर धरली होती, आणि शाळेत पोचेपर्यंत कॉइलचं एक टोक वाकलं. बरं झालं, आदल्या रात्री आबांनी तिच्याकडून दोन जास्तीच्या कॉइल करून घेतल्या होत्या आणि त्या पेन्सिलींच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवल्या होत्या. नेताना सेल बाहेर काढा, चुंबक वेगळा ठेवा (मोबाइल, घड्याळ आणि कार्डांपासून लांब), आणि पॉलिश पेपरचा तुकडा डब्यात टाकायला विसरू नका.

प्रदर्शनात तपासायला आलेल्या बाईंनी मोटर दोन मिनिटं नीट पाहिली आणि मग विचारलं, "चुंबक उलटा केला तर काय होईल?"

मनूने सांगितलं नाही. तिने कॉइल उचलली, चुंबकाची चिकटपट्टी सोडवली, तो पालथा केला आणि परत चिकटवला. कॉइल ठेवून सवयीच्या दिशेने टिचकी मारली. कॉइल अडली. मग उलट्या दिशेने टिचकी मारली आणि मोटर उलटी फिरायला लागली.

"आणि आता सेलपण उलटा केला तर?" मनूने बाईंनाच विचारलं.

बाई क्षणभर विचार करून म्हणाल्या, "थांब, मला ओळखू दे." आणि त्यांनी ओळखलं ते बरोबर होतं. मनूने सेल फिरवला, पिना पुन्हा आवळल्या, टिचकी मारली, आणि कॉइल परत पहिल्या दिशेने फिरू लागली.